तारखा आधी, गाय नंतर

जिंतूरहून मंठ्याकडे जाताना लागणाऱ्या चारठाण्यात बाहेरची माणसं येतात ती यादवकाळातली देवळं आणि उंच दगडी स्तंभ बघायला. माझा या गावाशी संबंध आला तो गोठ्यांमधून. पशुवैद्यक म्हणून या भागात फिरताना दारात एखादी लाल कंधारी किंवा देवणी दिसायची, आणि दूध डेअरीला घालणाऱ्यांकडे संकरित होलस्टीन. तिला मात्र सगळा गाव ‘जर्सी’च म्हणायचा. गावठी गायीबद्दल गाभ धरत नाही अशी तक्रार क्वचितच यायची. यायची ती या ‘जर्सी’ची. “साहेब, गाय टायमाला माजावर येती, इंजेक्शन भरलं की एकवीस दिवसांनी परत उलटती. काय केलं नाही सांगा!”

असा माणूस गाय सोबत घेऊन येतो, पण तारखा आणत नाही. मी आधी तारखा मागतो. कधी व्याली, पहिल्यांदा कधी भरवली, मग कधी कधी उलटली. सांगता येत नसेल तर घरी फोन लावायला सांगतो, कारण बहुतेक घरांत बाईच्या लक्षात असतं किंवा भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तिनं गोल केलेला असतो. गाय खोड्यात घालण्याआधीची ही दहा मिनिटं मला कुठल्याही औषधापेक्षा जास्त सांगून जातात.

पुस्तकी व्याख्या सरळ आहे. गाय दर १८ ते २४ दिवसांनी नियमित माजावर येते, तपासणीत वरवर काही दोष दिसत नाही, आणि लागोपाठ तीन किंवा अधिक वेळा भरवूनही गाभण राहत नाही, तर ती ‘वारंवार उलटणारी’. जी माजावरच येत नाही तिचा आजार वेगळा, तिचे उपाय वेगळे. या तीनच्या आकड्यात एक गोम आहे. सगळं नीट जमून आलं तरी एका रेतनात साधारण निम्म्याच गायी गाभण राहतात, गावच्या परिस्थितीत त्याहूनही कमी. म्हणजे १०० निरोगी गायी भरवल्या तर पहिल्या खेपेला ५० उलटतील, त्यांतल्या २५ दुसऱ्यांदा, आणि बारा-तेरा तिसऱ्यांदाही. या बारा-तेरा गायींत काहीच बिघाड नाही, फक्त नशीब आडवं आलं. तिसऱ्या उलटण्यानंतर एखादी बाटली गर्भाशयात सोडली आणि चौथ्यांदा गाय राहिली, की श्रेय त्या बाटलीला जातं. आपल्याकडे या बाटल्यांना जी प्रतिष्ठा मिळाली आहे, त्यात या बारा-तेरा गायींचा मोठा वाटा आहे असं माझं मत आहे.

आता ज्या गायीवरून मला हे सगळं सांगायचं आहे तिच्याकडे येतो. संकरित होलस्टीन, तिसरं वेत, दोन्ही वेळचं मिळून दहा-बारा लिटर दूध. मालकीण साठीच्या आसपासची, सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणू लागलो. मावशींकडे तारखा तोंडपाठ होत्या: १८ ऑक्टोबर, ८ नोव्हेंबर, ३० नोव्हेंबर आणि आता २१ डिसेंबर. मधली अंतरं २१, २२, २१ दिवसांची.

या अंतरांतून काय कळतं ते थोडं उलगडून सांगतो. रेतन झालं, बीज फळलं, तरी पोटात गर्भ आहे ही खबर गायीच्या शरीराला पंधराव्या ते सतराव्या दिवसाच्या सुमारास लागते. तोवर गर्भ जिवंत असेल तर पुढचा माज थांबतो. म्हणून गाय बरोबर एकवीस दिवसांनी उलटली तर एक तर बीज फळलंच नाही, किंवा फळून पहिल्या दोन आठवड्यांतच संपलं. तीच गाय ३० किंवा ३५ दिवसांनी उलटली तर गर्भ राहिला होता आणि नंतर गेला असा संशय घ्यायचा. मग विचार संसर्गाकडे वळतो, गावचा वळू सोडला होता का हे विचारावं लागतं, कारण वळूमार्फत पसरणारे काही रोग नेमके असेच गर्भ गिळतात. ४२ दिवसांनी उलटली तर बहुतेक वेळा मधला एक माज कुणाच्या नजरेत आलाच नाही. आणि दहा-बारा दिवसांत उलटली तर दोन्हींपैकी एक वेळ माज नव्हताच, भलत्या वेळी भरवली. मावशींच्या गायीची अंतरं इतकी नेटकी होती की शोध पहिल्या दोन आठवड्यांपुरता उरला, आणि त्यातही माजाच्या त्या दीड-दोन दिवसांवर.

दुसरा प्रश्न वेळेचा. माज साधारण १२ ते १८ तास टिकतो आणि बीज सुटतं माज संपल्यावर दहा-बारा तासांनी, म्हणजे माज सुरू झाल्यापासून २८ ते ३० तासांच्या आसपास. म्हणून सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवायचं, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. नियम सगळ्यांना पाठ असतो, पण तो चुकतो कुठं? गायी बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे माजावर येतात. घरचे लोक सकाळी धार काढून शेतात जातात, हंबरणं ऐकू येतं ते संध्याकाळी, मग फोन, मग दुसऱ्या दिवशी दुपारी रेतन. तोवर तीस-बत्तीस तास उलटलेले असतात. उलट टोकाला, काही जण हंबरडा ऐकला की तासाभरात भरवून घेतात. चुकलेल्या वेळेची एक खूण गोठ्यातच मिळते. माजानंतर दोन-तीन दिवसांनी काही गायी, विशेषतः कालवडी, थोडं रक्त टाकतात. गावात समज असा की रक्त दिसलं म्हणजे गर्भ राहिला नाही. तसं काही नाही. रक्त एवढंच सांगतं की माज होऊन दोन दिवस झाले. ज्या दिवशी भरवली त्याच किंवा दुसऱ्या दिवशी रक्त दिसलं, तर मात्र आपण उशीर केला हे नक्की. आणि माज न दिसताच रक्त दिसलं, तर त्या दिवसापासून अठरा-एकोणीस दिवस मोजून पुढच्या माजाची वाट बघायची.

मावशींनी वेळ चुकवली नव्हती. पहाटे धारेला उठल्यावर गाय हंबरताना दिसायची, शेजारच्या जनावराला अंगावर चढू द्यायची, आणि संध्याकाळी पाचच्या सुमारास रेतन व्हायचं. म्हणून तिसरी पायरी, रेतमात्रा आणि ती सोडणारा हात. या पायरीवर गायीला हात न लावता निकाल मिळतो: त्याच कंटेनरमधल्या, त्याच हातानं भरलेल्या इतर गायींचं काय झालं? नोंदवहीत ओळीनं सगळ्याच उलटल्या असतील तर दोष गायीत शोधण्यात अर्थ नाही. नायट्रोजन मध्येच संपला असेल, कांडी कोमट पाण्यात न वितळवता खिशात किंवा काखेत धरून वितळवली असेल. ३७ अंशांचं पाणी आणि ३० सेकंद, एवढंच ते गणित आहे. पण थर्मामीटर किती जणांच्या पिशवीत असतो? बंदूक गर्भाशयाच्या मुखातच रिकामी होणं किंवा फार आत एका शिंगात जाणं, हेही होतं. इथं मात्र त्याच वहीत आजूबाजूच्या गायी राहिलेल्या दिसत होत्या. ही शंकाही मिटली.

मग गायीकडे वळलो. २१ डिसेंबरला संध्याकाळी तिला नेहमीप्रमाणे भरवलेलं होतं, मी पोचलो ते २२ ला संध्याकाळी. माजाचा सोट हा फुकटात मिळणारा पुरावा आहे आणि लोक तो शेपटीवरून पुसून टाकतात. निरोगी सोट अंड्याच्या पांढऱ्यासारखा स्वच्छ असतो आणि तार न तुटता खाली लोंबतो. त्यात पांढरे कण, पुवाची रेघ किंवा गढूळपणा दिसला तर गर्भाशयाला सूज आहे. पण सौम्य सूज डोळ्यांना दिसत नाही, त्यासाठी एक साधी परीक्षा आहे. परीक्षानळीत एक मिली सोट घ्यायचा, तेवढंच पाच टक्के सोडियम हायड्रॉक्साइडचं द्रावण घालायचं आणि उकळी येईपर्यंत तापवून थंड होऊ द्यायचं. रंग आला नाही तर ठीक. पिवळा आला तर सूज, आणि पिवळा जितका गडद तितकी सूज जास्त. स्पिरिटचा दिवा, चिमटा आणि दोन बाटल्या एवढ्यात हे गोठ्यात होतं. फक्त नळीचं तोंड आपल्याकडे किंवा मालकाकडे धरायचं नाही, तापलेलं द्रावण उसळून अंगावर येतं. मावशींच्या गायीच्या सोटाला रंग आला नाही.

पण माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडे गेलं होतं. पहाटे २१ ला सुरू झालेला माज, आणि २२ च्या संध्याकाळी अजून सोट लोंबतोय?

“मावशी, हंबरणं कधी थांबतं हिचं?”

“दुसऱ्या दिशी दुपारपस्तोर तर वरडतीच की. लई माजोरी हाय ही.”

हात घालून बघितलं. गर्भाशय दोन्ही बाजूंनी सारखं, ताठर, माजात असावं तसं. डावं अंडाशय शांत. उजव्यावर दीड-दोन सेंटीमीटरचं गुळगुळीत, ताणलेलं फॉलिकल. भरवून चोवीस तास झाले, माज सुरू होऊन छत्तीस, आणि बीज अजून सुटलेलं नाही. ते दाबून बघण्याचा मोह टाळायचा असतो, बोटानं फोडलं तर आतलं बीज वाया जातं. दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बघितलं, फॉलिकल जिथल्या तिथं. कोड्याचं उत्तर मिळालं. गोठवलेल्या रेतातले शुक्रजंतू गायीच्या पोटात साधारण दिवसभर कामाचे राहतात. या गायीचं बीज दोन दिवसांनी सुटत होतं. दर खेपेला नियमानुसार केलेलं रेतन तिच्यासाठी फार लवकर होतं.

याला म्हणतात बीज उशिरा सुटणं. हे निदान भरवल्याच्या दुसऱ्या दिवशी हात घातल्याशिवाय होत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सहसा कुणी येत नाही, कारण काम ‘झालेलं’ असतं.

त्याच खेपेला मी तिला काही टोचलं नाही. मावशींना ते आवडलं नाही, हे चेहऱ्यावर दिसलं. डॉक्टर आला आणि सुई न लावता गेला, म्हणजे काय केलं त्यानं? त्यांना पुढच्या माजाची तारीख दिली, ११ जानेवारी, आणि मधल्या दिवसांत खाण्याकडे बघायला सांगितलं. गव्हाणीत सोयाबीनचं भुसकट, कडबा आणि मूठभर सरकी पेंड होती. हिरवं नावाला नाही. गायीच्या फासळ्या दिसत होत्या, पाठीचा कणा हाताला लागत होता. दूध देणारी गाय खाण्यातून भागलं नाही की अंगातलं काढून देते, आणि अशा वेळी शरीर पहिली काटछाट करतं ती प्रजननात. खनिज मिश्रण रोज ५० ग्रॅम, मीठ, जंताचं औषध, आणि दुधाच्या हिशेबानं आंबोण वाढवायचं एवढं सांगितलं. एक गोष्ट मात्र स्पष्ट केली: आज सुटणाऱ्या बीजाची वाढ दोन-अडीच महिने आधीपासून चाललेली असते, म्हणून खाण्याचा गुण पुढच्याच माजात दिसेल असं नाही. पंधरा दिवस खनिज मिश्रण घालून “फरक नाही पडला” म्हणत डबा बंद करणारे मी पुष्कळ पाहिले.

११ जानेवारीला पहाटे माज दिसला. संध्याकाळी पाचला रेतन केलं आणि त्याच वेळी बीज सुटायला लावणारं संप्रेरक, बुसेरेलिन, स्नायूत दिलं. १२ ला सकाळी फॉलिकल होतं, अपेक्षितच. संध्याकाळी पुन्हा भरवलं. १३ ला सकाळी त्या जागी खड्डा लागला, म्हणजे बीज सुटलं होतं. दोनदा रेतन आणि एक इंजेक्शन, खर्च वाढतो खरा. पण आधी चार कांड्या, एक गर्भाशयात सोडलेली बाटली आणि तीन महिन्यांचा रिकामा काळ यांचा हिशेब घातला तर तो किरकोळ होता. मार्चच्या मध्याला, दोन महिने उलटल्यावर तपासलं, गाभण होती.

हे वाचून कुणी प्रत्येक उलटणाऱ्या गायीला रेतनासोबत बुसेरेलिन देऊ लागेल, म्हणून दुसऱ्या एका गायीचंही सांगतो. चारठाण्याजवळच्या एका वस्तीवरची, तिचीही अंतरं एकवीस दिवसांची. पण विचारल्यावर कळलं की व्याली तेव्हा जार अडकली होती आणि कुणीतरी हातानं ओढून काढली होती. तिच्या सोटाला त्या परीक्षेत चांगला पिवळा रंग आला. अशा गायीला बीज वेळेवर सुटून काय उपयोग? फळलेलं बीज चार-पाच दिवसांनी नळीतून गर्भाशयात उतरतं तेव्हा तिथं सूज असते. तिला त्या माजात भरवायचंच नाही, हे मालकाला पटवणं सगळ्यांत अवघड. सोट परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात पाठवून कुठलं औषध लागू पडतं ते बघून घेतलं आणि तेच दिलं. मधल्या काळात, अंडाशयावर पीतपिंड हाताला लागल्यावर, प्रोस्टाग्लँडिन देऊन माज लवकर आणला. माजात गर्भाशय स्वतःला धुऊन काढतं, त्याचा फायदा औषधाइतकाच होतो. सोट स्वच्छ आल्यावरच भरवली. निदान न करता प्रत्येक गायीच्या गर्भाशयात प्रतिजैविक किंवा तीव्र आयोडीन सोडण्याची जी रीत पडली आहे, ती मला मान्य नाही. निरोगी अस्तराला त्यानंच सूज येते आणि मग गाय खरोखरच उलटू लागते.

काही गायी या सगळ्या पायऱ्या ओलांडूनही रिकाम्या राहतात. वेळ बरोबर, सोट स्वच्छ, बीज वेळेवर सुटतं आणि तरी उलटतात. तेव्हा बीजवाहक नळी बंद आहे का ते बघावं लागतं. गर्भाशयात एक रंगद्रव्य सोडतात. नळी मोकळी असेल तर ते पोटात उतरतं, रक्तात जातं आणि लघवीत येतं. लघवीत अल्कली टाकल्यावर गुलाबी झाली तर निदान एक तरी नळी मोकळी. दोन्ही बंद असतील तर गोठ्यात करण्यासारखं काही नाही, आणि हे मालकाला लवकर सांगितलेलं बरं. दुधावर असेपर्यंत सांभाळायची, पुढं तो ठरवेल. तिच्यावर आणखी वर्षभर कांड्या आणि इंजेक्शनं खर्चणं हा त्याच्या खिशावर अन्याय आहे.

मावशींच्या गायीचं एवढ्यावर संपलं नाही. एप्रिलच्या सुरुवातीला त्यांच्या मुलाचा फोन आला, गाय परत माजावर आली, शेजारच्या जनावरावर उड्या मारतेय, रेतन करणारा दारात आलाय. मी मंठ्याच्या बाजूला होतो. “मी येईपर्यंत बंदूक आत घालायची नाही” म्हणालो आणि गाडी वळवली. गाभण गायींपैकी शंभरात चार-पाच तरी पोटात वासरू असताना माजाची लक्षणं दाखवतात. मुलानं बाहेरची लक्षणं सगळी बरोबर सांगितली होती, फक्त सोट फारसा नव्हता. हात घातला तर उजवं शिंग भरलेलं, पाणी हाताला लागत होतं, तीन महिन्यांचा गर्भ जागेवर. बंदूक मुखातून आत गेली असती तर तिथलं चिकट बूच फुटलं असतं आणि वासरू गेलं असतं. मग पुन्हा ‘उलटली’ म्हणून पाचव्याऐवजी सहाव्या माजाची चर्चा झाली असती.

रेतन करणाऱ्यानं तोवर कांडी वितळवून ठेवली होती. ती परत गोठवता येत नाही. तिचे पैसे कोणी द्यायचे यावर तो आणि मुलगा थोडे हुज्जत घालू लागले, तेव्हा मावशींनी कनवटीचे पैसे काढून त्याच्या हातात ठेवले आणि मला विचारलं, की आता खनिज मिश्रण चालू ठेवायचं का बंद करायचं. चालू ठेवा, म्हणालो, व्यायल्यावरही.